पॉलिसी बंद झाली, बारा वर्षांचे काय?

जानेवारीच्या 20 तारखेला आमच्या वरच्या मजल्यावरचे काका एक पत्र घेऊन खाली आले. चष्मा कपाळावर सरकवलेला, पत्राची घडी अर्धवट उघडलेली. म्हणाले, "ताई, तीनदा वाचलं. चांगली बातमी आहे की वाईट, तेच कळेना."

पत्र त्यांच्या आरोग्य विमा कंपनीचे होते. गुळगुळीत कागद, वर हसऱ्या कुटुंबाचे चित्र. पहिले वाक्य असे होते : "आपल्यासाठी आनंदाची बातमी! आपली आरोग्य पॉलिसी आता अधिक व्यापक संरक्षणासह नव्या रूपात येत आहे." पुढे पानभर नव्या पॉलिसीचे गुणगान. 'बंद' हा शब्द दुसऱ्या पानावर, चौथ्या परिच्छेदात, एका लांब वाक्याच्या शेपटाला होता. काकांची बारा वर्षांपासूनची पॉलिसी कंपनीने 1 जानेवारीपासून बाजारातून काढून घेतली होती. काकांना न कळलेली बातमी ती होती.

मी एका विमा कंपनीच्या पत्रव्यवहार विभागात अठरा वर्षे काम केले. अशी पत्रे आम्हीच लिहायचो. त्यामुळे हे पत्र वाचताना मला त्यातले प्रत्येक वाक्य कुणी आणि का लिहिले असेल, ते डोळ्यांसमोर दिसत होते. विक्री विभागाला वाटते, 'बंद' म्हटले की ग्राहक घाबरेल आणि दुसऱ्या कंपनीकडे जाईल. कायदा विभागाला वाटते, नियमात सांगितलेले सगळे कुठेतरी छापले गेले की झाले. दोघांचे समाधान होईपर्यंत पत्रातून ग्राहक निघून गेलेला असतो. आपल्याकडे साठीच्या पुढची कितीतरी माणसे हातात असे पत्र घेऊन एजंटच्या फोनची वाट बघत बसतात. म्हणून ते कसे लिहायला हवे आणि आलेच तर कसे वाचावे, हे सविस्तर सांगावेसे वाटते.

आधी एक फरक समजून घेऊ, कारण इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. आयुर्विम्याची एखादी योजना 'बंद झाली' असे आपण वर्तमानपत्रात वाचतो, तेव्हा नव्या ग्राहकांना ती मिळणार नाही एवढाच त्याचा अर्थ असतो. ज्याने वीस वर्षांची पॉलिसी घेतली, त्याचा वीस वर्षांचा करार तसाच चालतो. आरोग्य विम्याचे तसे नाही. तो करार बहुधा एका वर्षाचा असतो आणि दर वर्षी आपण तो नव्याने करतो. भारतात नियम असा आहे, की वय वाढले किंवा मागच्या वर्षी क्लेम केला म्हणून कंपनी नूतनीकरण नाकारू शकत नाही. फसवणूक किंवा माहिती लपवणे अशी कारणे असतील तरच नाकारता येते. म्हणजे एका माणसाला दार बंद करता येत नाही. पण तो अख्खा प्रकारच विकणे थांबवण्याची मुभा कंपनीला आहे, आणि त्यानंतर पुढच्या तारखेला नूतनीकरण करायला ती पॉलिसीच उरत नाही.

कंपन्या हे का करतात, तेही सरळ आहे. एखाद्या जुन्या पॉलिसीत तरुण ग्राहक येईनासे होतात, असलेल्यांचे वय वाढत जाते, क्लेम वाढतात. मग हप्ता वाढवावा लागतो. हप्ता वाढला की ज्यांना जमते ते तरणे आणि निरोगी ग्राहक बाहेर पडतात आणि उरलेल्यांवरचा भार आणखी वाढतो. अशी पॉलिसी वर्षानुवर्षे रेटत नेणे कुणाच्याच हिताचे नसते. त्यामुळे कंपनीने ती बंद केली, यात मला गैर वाटत नाही. माझा प्रश्न पुढचा आहे. पॉलिसी कंपनीची होती, पण तिच्यात काकांनी घातलेली बारा वर्षे कुणाची?

ही वर्षे म्हणजे नुसती आठवण नव्हे, त्यांना पैशातली किंमत असते. काकांनी मार्च 2014 मध्ये, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी ही पॉलिसी घेतली. विम्याची रक्कम 5 लाख. मधुमेह होता आणि तो त्यांनी फॉर्मवर लिहिला होता. आधीपासूनच्या आजाराला वेटिंग पिरियड असतो, म्हणजे तेवढी वर्षे त्या आजाराचा खर्च मिळत नाही. तेव्हा तो जास्तीत जास्त 48 महिने असे, आता 36 महिन्यांच्या वर नेता येत नाही. मोतीबिंदू, हर्निया, गुडघेबदल अशा ठरावीक उपचारांनाही साधारण दोन वर्षे थांबावे लागते. काकांनी हे सगळे थांबणे केव्हाच पार केले होते. शिवाय क्लेम नसलेल्या वर्षांचा संचयी बोनस वाढत वाढत अडीच लाखांवर गेला होता, म्हणजे प्रत्यक्षात त्यांच्यामागे साडेसात लाखांचे संरक्षण उभे होते. तिसरी गोष्ट तर पॉलिसीधारकांना सहसा माहीतही नसते. सलग 60 महिने पॉलिसी चालू राहिली, की "तुम्ही सुरुवातीला अमुक आजार सांगितला नव्हता" असे कारण दाखवून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. कंपनीने फसवणूक सिद्ध केली तर गोष्ट वेगळी. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती, 2024 मध्ये ती पाचवर आली.

अडुसष्टाव्या वर्षी हे सगळे शून्यापासून सुरू झाले तर? मधुमेहामुळे आलेल्या दुखण्याला तीन वर्षे विमा नाही, गुडघ्याला दोन वर्षे नाही, बोनस नाही. म्हणूनच विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, ही वर्षे ग्राहकाच्या नावावर ठेवली आहेत. पॉलिसी बंद होणार असेल तर मुदत संपण्याच्या 90 दिवस आधी कळवायचे, आणि त्याच कंपनीच्या दुसऱ्या पॉलिसीत जाताना संचयी बोनस, पूर्ण झालेला वेटिंग पिरियड वगैरे सगळे सोबत न्यायचे, हे कलम पॉलिसीच्या छापील अटींतच असते. अट एकच, मध्ये खंड पडलेला नसावा. पॉलिसी बंद होण्याला इंग्रजीत जो शब्द आहे त्याचेच 'विथड्रॉवल' असे रूप आपल्या कागदात छापतात. काकांच्या पॉलिसीत ते कलम अठ्ठाविसाव्या पानावर होते.

आता त्यांचे पत्र बघू. मी पेन्सिल घेतली आणि काकांना म्हटले, नव्या पॉलिसीबद्दल जे जे लिहिलेय ते आधी सोडून देऊ. फक्त तारखा शोधू.

पत्रावर तारीख होती 2 डिसेंबर 2025. नूतनीकरणाची तारीख 9 मार्च 2026. मध्ये 97 दिवस, म्हणजे कागदावर 90 दिवसांचा नियम पाळला गेला होता. पण ईमेल गेला होता मुलीच्या जुन्या ऑफिसच्या पत्त्यावर, जो तिने चार वर्षांपूर्वीच सोडला. टपालाने पत्र हातात पडले ते 20 जानेवारीला. आता हातात दिवस उरले 48. तेही पुरेसे वाटतील, पण दुसऱ्या कंपनीकडे पॉलिसी नेण्याची, म्हणजे पोर्टिंगची वाटही ग्राहकाला खुली असते आणि त्यासाठीचा अर्ज नूतनीकरणाच्या किमान 45 दिवस आधी करावा, असे काकांच्या पॉलिसीत छापले होते. पंचेचाळीस दिवस मागे मोजले तर 23 जानेवारी येते. पत्रात या वाटेचा उल्लेख नव्हता, आणि ती बंद व्हायला तीन दिवस राहिले होते.

दुसरी तारीख होती पॉलिसी काढून घेण्याची, 1 जानेवारी. तिच्यावर मी गोल केला. 2024 च्या नियमांनुसार पॉलिसी काढून घेतल्याच्या तारखेपासून 90 दिवसांच्या आत ज्याचे नूतनीकरण येते, त्याला तीच जुनी पॉलिसी आणखी एकदा नूतनीकरण करून घेण्याचा पर्याय द्यायचा असतो. 1 जानेवारी ते 9 मार्च म्हणजे 67 दिवस. काका त्यात बसत होते! त्यांना घाईने काहीही निवडायची गरजच नव्हती. एक अख्खे वर्ष मिळू शकत होते. पत्रात हा पर्याय होता का? होता. दुसऱ्या पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात, "लागू असल्यास" या शब्दांसह. लागू आहे की नाही हे कंपनीला काकांच्या पॉलिसी क्रमांकावरून क्षणात कळले असते. ते मोजण्याचे काम तिने काकांवर सोडले होते.

त्याच नियमात आणखी एक शब्द महत्त्वाचा आहे. ग्राहकाला बदललेल्या पॉलिसीतच नव्हे, तर कंपनीच्या चालू असलेल्या वैयक्तिक पॉलिसींपैकी कोणत्याहीत जाता आले पाहिजे. काकांच्या पत्रात एकाच पॉलिसीचे नाव होते आणि खाली ओळ होती, की ग्राहकाने काही कळवले नाही तर त्याला याच पॉलिसीत घेतले जाईल. पर्याय द्यायचे म्हणजे किमान दोन गोष्टी समोर ठेवाव्या लागतात. एकच ठेवून गप्प राहण्याला संमती मानणे हा पर्याय नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग आम्ही हप्त्याकडे वळलो. पत्रात शेजारी शेजारी दोन आकडे होते : "मागील वर्षी भरलेली रक्कम 29,500 रुपये, नवीन हप्ता 36,000 रुपये." काका म्हणाले, "साडेसहा हजारांनी वाढलाय. दुप्पट संरक्षण मिळतंय, तर ठीक आहे म्हणायचं." पण मागच्या मार्चमध्ये आरोग्य विम्याच्या हप्त्यावर 18 टक्के जीएसटी होता. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा तो कर शून्य झाला. मागच्या 29,500 मध्ये मूळ हप्ता 25,000 चा आणि 4,500 कर होता. नव्या 36,000 मध्ये कर नाहीच. म्हणजे हप्ता 25,000 वरून 36,000 वर गेला होता, वाढ अकरा हजारांची, 44 टक्क्यांची. सरकारने सोडलेला कर वाढीच्या पोटात गडप झाला होता. दोन्ही आकडे खरे असले तरी ते शेजारी ठेवणे प्रामाणिकपणाचे नव्हते.

इथे ज्येष्ठ नागरिकांसाठी एक गोष्ट सांगून ठेवते. जानेवारी 2025 मध्ये आयआरडीएआयने कंपन्यांना बजावले, की साठीच्या पुढच्यांचा हप्ता वर्षाला 10 टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर आधी नियामकाशी सल्लामसलत करा. आणि त्याच आदेशात, ज्येष्ठांना दिली जाणारी वैयक्तिक पॉलिसी काढून घेण्याआधीही तीच सल्लामसलत घातली. हे दोन्ही एकत्र का, ते काकांच्या आकड्यांवरून कळते. जुन्या पॉलिसीचा हप्ता 44 टक्क्यांनी वाढवता येत नसेल, तर ती बंद करून 44 टक्के महाग पॉलिसीत माणसे नेण्याचा मोह होऊ शकतो. काकांच्या कंपनीने तसे केले असे मी म्हणणार नाही. बंद करण्याचे कारण पत्रात दिलेलेच नव्हते. ग्राहकाच्या मनात हा संशय येऊ नये म्हणून तरी कारण लिहायला हवे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कंपनीला ईमेल केला. त्यात विनंत्या-आर्जवे काही नव्हती, नुसते चार प्रश्न होते. माझे अडीच लाखांचे बोनस नव्या पॉलिसीत येणार का? माझी सुरुवातीची तारीख मार्च 2014 धरणार का, आणि ती नव्या पॉलिसीच्या कागदावर छापणार का? तुमच्या दुसऱ्या कोणकोणत्या पॉलिसीत मला जाता येईल? आणि 9 मार्चला मला जुनीच पॉलिसी एकदा नूतनीकरण करून मिळेल का? खाली लिहिले, उत्तर लेखी द्यावे. पोर्टिंगची वाट बंद होऊ नये म्हणून त्याच दिवशी एका दुसऱ्या कंपनीकडे अर्जही टाकला. तिथे एक मर्यादा लक्षात ठेवावी लागते. पोर्टिंगमध्ये वर्षे सोबत येतात, पण नव्या कंपनीला माणूस तपासून नकार देण्याचा अधिकार असतो. अडुसष्ट वर्षांच्या मधुमेही माणसाला नकार येणे अगदी शक्य आहे, आणि काकांना तो आठवड्याभरात आलाही. म्हणून पोर्टिंगचे उत्तर येईपर्यंत जुने दार कधीही लावून घेऊ नये.

कंपनीचे उत्तर नवव्या दिवशी आले. बोनस येईल, मार्च 2014 ही तारीख धरली जाईल, जुनी पॉलिसी एकदा मिळेल, आणि त्यांच्याकडे या वयाला लागू पडणारी आणखी एक पॉलिसी आहे. हे सगळे चार ओळींत लिहिले होते. या चार ओळी पहिल्याच पत्रात का नव्हत्या?

त्या दोन पॉलिसी आम्ही टेबलावर शेजारी ठेवल्या. पहिली पत्रातली, 10 लाखांची. तिच्यात एक अट होती : साठीनंतर प्रवेश करणाऱ्याने प्रत्येक क्लेमचे 20 टक्के स्वतः भरायचे. यालाच को-पे म्हणतात. काका छप्पन्नाव्या वर्षी विम्यात आले होते, पण या पॉलिसीत त्यांचा 'प्रवेश' अडुसष्टाव्या वर्षी धरला जाणार होता. वेटिंग पिरियडसाठी वर्षे मोजली आणि को-पेसाठी मात्र पुसली. शिवाय वाढलेल्या रकमेचा वेटिंग पिरियड नव्याने सुरू होतो. जुन्या मुक्कामाचे पुण्य जुन्या रकमेपुरतेच, बोनस धरून, लागू पडते. म्हणजे मधुमेहाच्या दुखण्याला 10 लाख हे पहिली काही वर्षे नावापुरतेच.

दुसरी पॉलिसी 5 लाखांची, हप्ता 31,000. को-पे नाही, पण खोलीच्या भाड्याला दिवसाला 5,000 ची मर्यादा. काकांच्या उजव्या गुडघ्याचे ऑपरेशन आज ना उद्या करायचे आहे, म्हणून त्याच हिशेबाने दोन्ही पाहिल्या. समजा बिल 3,40,000 रुपयांचे झाले. पहिल्या पॉलिसीत 20 टक्के म्हणजे 68,000 काकांच्या खिशातून जाणार. खोली कोणतीही घ्या, हे टळत नाही. दुसऱ्या पॉलिसीत त्यांनी 8,000 ची खोली घेतली तर चार दिवसांचे वरचे 12,000 तर जातातच, पण त्याहून मोठा फटका वेगळाच असतो. मर्यादेबाहेरची खोली घेतली, की डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे खोलीच्या दर्जानुसार बदलणारे खर्चही कंपनी त्याच प्रमाणात कापते. आठातले पाच मिळतात, तीन जातात. अशा खर्चाचे 1,60,000 धरले तर 60,000 कापले जातील. गुडघ्याचा सांधा, औषधे, तपासण्या यांना ही कात्री लावता येत नाही. एकूण फटका 72,000. म्हणजे पहिल्या पॉलिसीहूनही चार हजार जास्त! पण काकांनी 5,000 च्या आतली खोली घेतली, तर यातला एकही रुपया कापला जाणार नाही. पहिल्या पॉलिसीतला भार कराराने लादलेला आहे, दुसऱ्यातला स्वतःच्या हातात आहे. काकू मध्येच म्हणाल्या, "आपल्याला एसीची खोली कशाला हवी? माझ्या मोतीबिंदूच्या वेळी सेमी-प्रायव्हेटमध्ये होतोच की." हिशेब तिथे संपला.

आता मूळ मुद्दा. पत्र कसे असायला हवे होते? मी माझ्या नोकरीत लिहिलेल्या काही पत्रांची मला आज खंत वाटते. आम्हीही 'आनंदाची बातमी' लिहिली आहे. एकदा पत्रे गेल्यावर कॉल सेंटरला आलेल्या फोनांची यादी वाचली. बहुतेकांचा प्रश्न एकच होता : "माझी पॉलिसी चालू आहे ना?" पानभर पत्र लिहूनही पहिला प्रश्न तसाच राहिला होता, हे त्या यादीने मला दाखवले. त्यानंतर मी मसुदा करताना तो प्रश्न कागदाच्या डोक्यावर लिहून ठेवू लागले. काकांसाठीचे पत्र मी आज असे लिहीन :

"महोदय, आपली पॉलिसी आम्ही 1 जानेवारी 2026 पासून बंद करत आहोत. आपले सध्याचे संरक्षण 8 मार्च 2026 च्या मध्यरात्रीपर्यंत पूर्ण चालू आहे; तोपर्यंतचे सर्व क्लेम नेहमीप्रमाणे मिळतील.

बंद करण्याचे कारण : या पॉलिसीत नवे ग्राहक येणे थांबले असून वाढत्या क्लेममुळे तिचा हप्ता दर वर्षी मोठ्या प्रमाणात वाढवावा लागला असता.

आपण मार्च 2014 पासून आमच्याकडे आहात. आपले 2,50,000 रुपयांचे बोनस, पूर्ण झालेला वेटिंग पिरियड आणि सलग 60 महिन्यांनंतर मिळणारे संरक्षण आपण पुढे नेऊ शकता. त्यासाठी नूतनीकरणात खंड पडू देऊ नका.

आपल्यापुढे चार वाटा आहेत. हीच पॉलिसी 9 मार्चला आणखी एका वर्षासाठी, शेवटची, नूतनीकरण करता येईल; हप्ता 27,000 रुपये. किंवा सोबतच्या तक्त्यातील दोन पॉलिसींपैकी एक घेता येईल. आपल्याला आज जे मिळते आणि तिथे जे मिळणार नाही, ते तक्त्यात लाल अक्षरात दिले आहे. आमच्या इतर वैयक्तिक पॉलिसींची यादीही जोडली आहे. किंवा आपण दुसऱ्या कंपनीकडे जाऊ शकता; त्यासाठी 23 जानेवारीपूर्वी अर्ज करावा, आवश्यक माहिती आम्ही पुरवू.

आपल्याकडून उत्तर आले नाही तर आम्ही आपल्याला दोनदा फोन करू. आपल्या होकाराशिवाय दुसऱ्या पॉलिसीचा हप्ता आपल्या खात्यातून घेतला जाणार नाही."

खाली अधिकाऱ्याचे नाव, थेट फोन, सही. यात एकही गोष्ट अशी नाही, जी कंपनीच्या संगणकात आधीच नव्हती. प्रत्येक ग्राहकाची तारीख, बोनस, हप्ता आपोआप छापता येतो. हप्ता भरण्याच्या स्मरणपत्रात तो छापतातच. 'मिळणार नाही' हा रकाना मात्र कुणीतरी ठरवून घालावा लागतो. त्याला विक्री विभाग हमखास विरोध करतो, आणि त्याच रकान्यावरून मला पत्राचा खरेपणा कळतो. काकांच्या पत्रातल्या तक्त्यात नऊ ओळी होत्या आणि नऊही ओळींत नव्या पॉलिसीसमोर हिरवी खूण होती. को-पेची दहावी ओळ तक्त्यातच नव्हती.

आणि हे सगळे मराठीत हवे. पॉलिसीसोबत दोन-तीन पानांचे ग्राहक माहितीपत्रक द्यावे लागते, आणि ग्राहकाने मागितले तर ते स्थानिक भाषेत द्यावे, असा नियम आहे. आपण मागत नाही म्हणून ते येत नाही. काकांनी मागितले, आठ दिवसांत आले. त्यातली मराठी अवघडलेली होती, पण को-पेची ओळ ठळक होती.

असे पत्र तुमच्याकडे आले आणि वर्षे किंवा बोनस नाकारले गेले, तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. तिथे दाद लागली नाही तर आयआरडीएआयच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा 155255 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. कंपनीने तक्रार फेटाळली किंवा महिनाभरात उत्तरच दिले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत, शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि 50 लाखांपर्यंतच्या दाव्यांचा निवाडा तिथे होतो. मात्र भांडण चालू आहे म्हणून हप्ता अडवून धरू नका. वार्षिक हप्त्याला 30 दिवसांची सवलतीची मुदत असते, पण तिने फक्त सलगपणा टिकतो. त्या दिवसांत इस्पितळात दाखल झालात तर त्याचा खर्च मिळत नाही.

काकांनी 4 मार्चला जुनीच पॉलिसी नूतनीकरण केली. 27,000 रुपये भरले. ती आता 8 मार्च 2027 पर्यंत आहे, आणि गुडघ्याचे ऑपरेशन याच पॉलिसीत दिवाळीआधी करून घ्यायचे ठरले आहे. त्यानंतर ते 5 लाखांच्या दुसऱ्या पॉलिसीत जातील. कंपनीच्या उत्तराचा ईमेल छापून त्यांनी 2014 च्या पहिल्या पॉलिसीच्या कागदामागे टाचणीने लावला आहे.

तुमच्या घरातला पहिल्या वर्षाचा पॉलिसीचा कागद आज शोधून ठेवा. सुरुवातीची तारीख त्यावर असते. आणि कंपनीकडे नोंदवलेला ईमेल अजून चालू आहे का, तेही एकदा पाहून घ्या.